जाहिरात प्रतिसादाचा नियंत्रण आलेख

जाहिरातीला मिळणाऱ्या प्रतिसादातील खरा बदल आणि रोजचा स्वाभाविक चढउतार यांत फरक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संख्याशास्त्रीय आलेखास जाहिरात प्रतिसादाचा नियंत्रण आलेख म्हणतात. मूळ पद्धत वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत कारखान्यातील उत्पादनासाठी मांडली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947–48 मध्ये भारतात आले होते.

आलेखाच्या मध्यभागी सरासरीची रेषा असते. तिच्या वर आणि खाली तीन प्रमाण विचलनांच्या अंतरावर नियंत्रण सीमा आखतात. दोन सीमांमधील पट्ट्यात पडणाऱ्या एकट्यादुकट्या बिंदूसाठी कारण शोधत बसू नये, असा संकेत आहे. पट्टा दोनच विचलनांचा ठेवला, तर काहीही बदललेले नसताना सुमारे वीस दिवसांत एकदा खोटा इशारा मिळतो.

उदाहरण

सांगलीतील एक हळद विक्रेता सांगली व सातारा जिल्ह्यांत मोबाइलवर जाहिरात देतो, असे समजू. दोन्हीकडून मिळून रोज सरासरी 16 चौकश्या येतात. चौकश्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर सरासरीचे वर्गमूळ हेच प्रमाण विचलन मानता येते. येथे ते 4 आहे. म्हणून सीमा 4 आणि 28 ठरतात. एखाद्या मंगळवारी 9 चौकश्या आल्या, तर जाहिरात बदलण्याचे कारण नाही. मात्र सलग आठ दिवस बिंदू सरासरीच्या खालीच राहिले, तर एकही बिंदू सीमेबाहेर नसताना प्रतिसाद घटल्याचे मानतात. अशा वेळी प्रथम जाहिरातीचा खर्च आणि दिलेला दूरध्वनी क्रमांक तपासणे इष्ट.

एकत्रित आलेखात एका जिल्ह्यातील घट दुसऱ्यातील वाढीने झाकली जाते. म्हणून आलेख वेगळे करावेत. पण तेथे निराळीच अडचण उभी राहते. साताऱ्याची सरासरी रोज 6 असेल, तर विचलन सुमारे 2.45 येते आणि खालची सीमा शून्याच्याही खाली जाते. साहजिकच, चौकश्या पूर्ण थांबल्या तरी तो बिंदू सीमा ओलांडत नाही. सरासरी 9 किंवा त्याहून कमी असली की हेच घडते. उपाय म्हणून आठवड्याची बेरीज घेतात. 42 या साप्ताहिक सरासरीचे विचलन सुमारे 6.5 असल्याने सीमा अंदाजे 23 आणि 61 येतात. चौकश्या निम्म्यावर आल्या, तर 21 चा बिंदू सीमेखाली जातो. रविवार वा आठवडी बाजारामुळे होणारा फरकही या बेरजेत सामावतो.

मर्यादा

दिवाळीसारख्या सणांच्या दिवसांवरून आखलेला पट्टा इतर काळास लागू पडत नाही. संशयित दिवस सरासरीत धरले, तर पट्टाच त्यांच्याकडे सरकतो. प्रत्यक्ष चढउतार वर्गमूळाच्या हिशेबापेक्षा मोठा असल्यास वरील सीमा अरुंद ठरतात आणि इशारे वारंवार मिळू लागतात. तेव्हा लगतच्या दिवसांतील फरकांची सरासरी काढून तिच्या 2.66 पट अंतरावर सीमा आखतात.