सांधा कुठे पडतो?

अमेरिकेच्या हवाई दलाने २००४ मध्ये पुरवठ्याच्या सगळ्या कारभारासाठी एकच ईआरपी आणायचं ठरवलं. सुटे भाग, दुरुस्ती, गोदामं, वाहतूक सांभाळणारी दोनशेहून अधिक जुनी सॉफ्टवेअर त्यामुळे बंद होणार होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, तोवर शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम खर्च झाली होती. साधारण तेवढीच रक्कम पुन्हा घातली असती, तरी २०२० पर्यंत मूळ आराखड्याचा जेमतेम चौथा हिस्सा हाती आला असता, असा हवाई दलाचाच हिशेब होता. सिनेटच्या उपसमितीने २०१४ मध्ये कारणं शोधली. आज नेमकं काय चालू आहे आणि शेवटी काय हवं आहे, या दोन्हींचं धड चित्र कोणापाशी नव्हतं, हे त्यातलं एक मोठं कारण निघालं.

शेवटच्या चित्राला या क्षेत्रात ‘टार्गेट स्टेट’ म्हणतात. ते कागदावर देखणं दिसतं: मधोमध ईआरपी, भोवती चार-दोन खास सॉफ्टवेअर. पण पैसे टप्प्याटप्प्याने मंजूर होतात, म्हणून दोन-तीन वर्षं कंपनी अर्धी जुन्यावर, अर्धी नव्यावर चालते. या अधल्यामधल्या प्रत्येक मुक्कामाचाही नकाशा काढावा लागतो. त्याला ‘ट्रान्झिशन आर्किटेक्चर’ म्हणतात. आणि खरी कसोटी लागते ती तिथेच.

समजा, पंप बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये, खरेदी आणि स्टोअर दुसऱ्यात, उत्पादनाचं नियोजन तिसऱ्यात. पहिल्या टप्प्यात फक्त हिशेब ईआरपीवर न्यायचा, असं बहुतेकांना सुचतं. सोपं वाटतं, शिवाय खर्चाची मंजुरी देणारा वित्तप्रमुखच असतो.

आता एका खरेदीचा प्रवास पाहा. पुरवठादाराला पीओ गेली, माल गेटवर आला, स्टोअरने जीआरएन केला आणि चार दिवसांनी बिल आलं. हे तिन्ही कागद जुळले तरच पैसे सुटतात. नव्या मांडणीत पीओ आणि जीआरएन जुन्या सॉफ्टवेअरमध्ये राहिले, बिल मात्र ईआरपीमध्ये. म्हणजे सांधा नेमका या तिघांच्या मधून गेला. मग रोज रात्री पीओ आणि जीआरएन ईआरपीकडे पाठवणारा तात्पुरता इंटरफेस लिहावा लागतो.

बिघडतं ते इथे. स्टोअरच्या जुन्या नोंदीत ६२०५ नंबरचं बेअरिंग खोक्यात मोजलं जातं, ईआरपीमध्ये नगात. वीस खोकी आली, एका खोक्यात दहा. इंटरफेसने एकक न पाहता ‘२०’ एवढाच आकडा उचलला. बिल आलं २०० नगांचं, जमा दिसतात २० नग, पेमेंट अडकलं. असं शेकडो मालांचं झालं की पुरवठादारांचे फोन सुरू होतात. पण त्याआधीच एक खूण दिसते. माल आला पण बिल जुळलं नाही, अशा रकमा ज्या मधल्या खात्यात साठतात त्याची शिल्लक दर महिन्याला फुगत जाते. हे खातं दर आठवड्याला कोण तपासणार, हे टप्पा सुरू होण्याआधी ठरलेलं असायला हवं.

यापेक्षा खरेदी, स्टोअर आणि हिशेब एकत्र नेलेलं बरं. मग सांधा स्टोअर आणि उत्पादन यांच्यामध्ये सरकतो. तिथून मुख्यतः उत्पादनाची मागणी, दिलेला माल आणि तयार पंपांचा आकडा एवढंच ये-जा करतं. पहिला टप्पा त्यामुळे मोठा आणि महाग होतो, स्टोअरच्या माणसांना शिकवायला वेळ लागतो, आणि एकक-कोड साफ करण्याचं कंटाळवाणं काम आधीच उरकावं लागतं. तरीही विभागांच्या तक्त्यावर सीमा आखण्यापेक्षा सर्वांत कमी कागद जिथून ओलांडतात तिथे ती आखणं केव्हाही शहाणपणाचं.

एक खर्च मात्र अंदाजपत्रकातून हमखास निसटतो: जुनं सॉफ्टवेअर खरोखर बंद करण्याचा. टप्पा यशस्वी झाल्याचं जाहीर होतं, पण जुना सर्व्हर आणि त्याचं वार्षिक देखभालीचं बिल चालूच राहतं. भारतात कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपाव्या लागतात, त्यामुळे जुना डेटा फेकूनही देता येत नाही. त्यात नवी नोंद करण्याची सोय काढून तो फक्त पाहण्यापुरता ठेवणं, हे त्याच टप्प्याचं काम धरून त्याच मंजुरीत पैसे मागायला हवेत. तात्पुरत्या प्रत्येक इंटरफेसपुढेही तो कोणत्या टप्प्यात काढायचा हे लिहिलेलं हवं.

आणि पुढचे पैसे आलेच नाहीत तर? पंप कारखान्याचा दुसरा टप्पा, म्हणजे उत्पादन नियोजन, मागणी घसरल्यामुळे दोन वर्षं पुढे ढकलला गेला असं धरू. पहिली मांडणी निवडली असेल, तर रोजचे अडकलेले जीआरएन सोडवायला दोन माणसं कायमची बसवावी लागतील. दुसरीत स्टोअर आणि उत्पादन यांच्यामधला एक इंटरफेस सांभाळत कारखाना तेवढा काळ काढू शकतो, आणि पुरवठादारांची बिलं वेळेवर सुटत राहतात.