दोन सेकंदांची ओळ

रस्ता सुरक्षेच्या बहुतेक घोषणा उपदेश करून थांबतात. ब्रिटनमध्ये मात्र गाडी शिकणाऱ्यांना एक घोषवाक्य शिकवतात, ते मोजमापाचं कामही करतं. दोन सेकंदांचा नियम मोडणाऱ्याला ते मूर्ख ठरवतं आणि ते सावकाश म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की वाक्य म्हणायला सुरुवात करायची. ते संपण्याआधीच आपण खांबापाशी पोहोचलो, तर पुढच्या गाडीच्या फार जवळ आहोत.

अंतर सेकंदांत मोजायचं कारण सोपं आहे. चालत्या गाडीतून तीस मीटर म्हणजे नेमके किती, हे नजरेला कळत नाही. शिवाय वेग बदलला की अंतरही बदलायला हवं. ताशी ४० किलोमीटरला दोन सेकंदांत गाडी २२ मीटर जाते, ६० ला ३३ आणि ८० ला ४४ मीटर. वेळ तीच ठेवली की वेगानुसार अंतर आपोआप वाढतं. पुढच्याचे ब्रेकचे दिवे लागल्यापासून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो, म्हणून त्याहून थोडी जास्त वेळ हाताशी लागते.

अशी ओळ मराठीत बांधायची तर सोळा मात्रांचा चरण सोयीचा. चार-चार मात्रांचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटावर एक टाळी द्यायची. मिनिटाला १२० टाळ्यांची लय धरली, तर चार टाळ्यांना दोन सेकंद लागतात. ओळ अशी:

अंतर ठेवा, घरीच जेवा!

अंतर, ठेवा, घरीच, जेवा. प्रत्येक शब्द चार मात्रांचा आहे. ‘ठेवा’ आणि ‘जेवा’ यांच्या शेवटी दीर्घ ‘आ’ आहे, त्यामुळे गाणारा तिथे सूर लांबवतो आणि घाईत म्हणणाऱ्यालाही ओळ फारशी आवळता येत नाही. तिच्यात मरणाची भीती नाही. रात्री घरी कोणीतरी ताट वाढून वाट पाहत आहे, एवढंच ती चालकाला सांगते.

वीस सेकंदांच्या रेडिओ जिंगलमध्ये अशा दहा ओळींची जागा असते. पहिले दोन सेकंद नुसता ठेका आणि मग घोषवाक्य. त्यानंतर रीत सांगणाऱ्या चार ओळी:

पुढची गाडी खांबापाशी,
ओळ म्हणू या एक जराशी;
ओळ राहिली, खांबच आला,
वेगाला त्या लगाम घाला!

सातव्या जागी पुन्हा घोषवाक्य येतं. आठवी ओळ ‘पावसात ही दोनदा म्हणा’ आणि तिच्यामागे घोषवाक्य लागोपाठ दोनदा. ओल्या रस्त्यावर अंतर निदान दुप्पट लागतं. इथे ऐकणाऱ्याने चार सेकंद कानांनीच मोजलेले असतात, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बसमध्ये हीच जिंगल वाजवायची तर वाद्यांचा विचार वेगळा करावा लागतो. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते आणि ढोलकीचा घुमारा तिच्यात बुडतो. टाळ, टाळ्या आणि वरच्या पट्टीतला आवाज तिच्यातूनही ऐकू येतो. लय टाळांवर ठेवली, तर खडखडणाऱ्या बसमध्येही ती तुटत नाही. हॉर्न, करकचून लागलेला ब्रेक किंवा काच फुटल्याचे आवाज जिंगलमध्ये नकोतच, कारण ऐकणाऱ्यांत गाडी चालवणारेही असतात आणि ते दचकतात. बसच्या मागच्या बाजूला मात्र फक्त घोषवाक्यातले चार शब्द ठळक लिहावेत. ते वाचणारा नेमका मागून येणारा चालक असतो.

सगळ्यात मोठा धोका संकलनाच्या वेळी असतो. जाहिरातीची वेळ कमी पडली की ध्वनिमुद्रण दामटून पंधरा सेकंदांत बसवलं जातं. तेव्हा दोन सेकंदांची ओळ दीड सेकंदाची होते. मग ताशी ६० च्या वेगाला ३३ ऐवजी २५ मीटरच अंतर राहतं, म्हणजे आठ मीटर हातचे गेले. वेळ कमी असेल तर ओळी गाळाव्यात, लय वाढवू नये.

या नियमाला मर्यादाही आहेत. कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकच्या गाडीसाठीसुद्धा दोन सेकंद हे किमान अंतर आहे. भरलेल्या ट्रकला किंवा बसला त्याहून जास्त लागतं. शहरात सोडलेल्या जागेत दुचाकी घुसते. तेव्हा चिडून पुढे सरकण्याऐवजी वेग थोडा उतरवून ओळ नव्याने म्हणायची.

जिंगल जमली की नाही, हे घड्याळ सांगेल. प्रसारण सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आगारातल्या चालकांना ती ओळ आठवून म्हणायला सांगावी आणि स्टॉपवॉच लावावं. शब्द बरोबर आले पण वेळ दीड सेकंद भरली, तर लोकांनी घोषणा लक्षात ठेवली आणि माप हरवलं. मग चाल पुन्हा बांधायला हवी.