ओट्याची तीन चित्रं

‘काकू, तुमच्या स्वयंपाकघराची तीन चित्रं सोबत पाठवते आहे. पहिल्यात ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, दुसऱ्यात पांढऱ्या क्वार्ट्झचा आणि तिसऱ्यात पोर्सेलिनच्या मोठ्या स्लॅबचा. बाकी कपाटं, टाइल्स, रंग तेच ठेवलेत, म्हणजे फरक फक्त ओट्याचा दिसेल. शनिवारपर्यंत कळवा. सिंक आणि शेगडीसाठी दगड एकदा कापला की दुकानदार तो परत घेत नाही.’

पुण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी मी लिहिलेल्या पत्राची ही सुरुवात. पूर्वी माझं पत्र एवढ्यावरच संपायचं. आता त्याचा मोठा भाग चित्रात काय दिसत नाही, हे सांगण्यात जातो. कारण अशा तीन चित्रांतून लोक जवळजवळ नेहमी पांढरा ओटा निवडतात, आणि त्यात त्या चित्राचाच हात असतो.

हे चित्र म्हणजे फोटो नव्हे. संगणकावर तुमचं स्वयंपाकघर मापानं उभं करायचं, दगडाचा फोटो ओट्यावर पसरायचा आणि उजेड सोडायचा. तो उजेड मी ठरवते. चित्रात खिडकीतून सकाळचं ऊन येतं, ओट्यावर फक्त लिंबांची टोपली असते. काकूंची खिडकी उघडते डक्टमध्ये, आणि त्यांचा निम्मा स्वयंपाक ट्यूबलाइटखाली होतो. शिवाय माझ्या स्क्रीनवरचा दुधी पांढरा त्यांच्या मोबाइलवर पिवळट दिसतो.

चित्रात जोडही नसतो. काकूंचा ओटा इंग्रजी एल आकाराचा, एक बाजू दहा फूट, दुसरी सहा, खोली दोन फूट. त्यांना पसंत पडलेला ग्रॅनाइटचा स्लॅब नऊ फुटी होता. दहा फुटांची बाजू अखंड धरली, तर फूटभर तुकडा जोडावा लागतो, आणि तो जोड नेमका सिंकपाशी आला तर त्यात पाणी मुरत राहतं. म्हणून कोपरा सहा फुटांच्या बाजूकडे दिला. मग लांब बाजूला आठच फूट उरले, ते एका स्लॅबमध्ये बसले आणि सबंध ओट्याला कोपऱ्यात एकच जोड आला. हे कापण्याआधी कागदावर काढून घ्यावं लागतं.

आता दगडांचं. क्वार्ट्झ म्हणजे दगडाची भुकटी आणि रेझिन दाबून केलेला स्लॅब. त्याला सील करावं लागत नाही, पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की तिथे पिवळा डाग पडू शकतो, कधी तडाही जातो. ग्रॅनाइट असली कढई सोसतो. पोर्सेलिनही सोसतो, मात्र त्यावरची नक्षी बहुतेकदा वरच छापलेली असते, त्यामुळे कडेला ती दिसत नाही. आणि कडेवर जड भांडं आपटलं तर टवका उडतो. तो कापायला सवयीचा कारागीर लागतो.

पत्रासोबत मी तिन्हींचे चार इंची तुकडे पाठवले आणि लिहिलं, ‘हे आठवडाभर तुमच्या आत्ताच्या ओट्यावर ठेवा. एका कोपऱ्यात तेलात कालवलेली हळद, दुसऱ्यात लिंबाचा रस रात्रभर राहू द्या. ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब ठेवा. दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला, तर तो पाणी पितो असं समजा. काळ्या दगडावर नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेला पांढरा कापूस घासा. कापूस काळा झाला, तर दगडाला रंग दिलेला आहे.’

काकूंनी सगळं केलं. क्वार्ट्झवर हळदीचा फिकट पिवळा ठसा राहिला. कापूस पांढराच राहिला, थेंब पुसल्यावर दगड तसाच. पण चकचकीत काळ्यावर टँकरच्या पाण्याचे पांढरे ठिपके दिसले, ते त्यांना खटकले. म्हणून त्याच दगडाचं लेदर फिनिश मागवलं. त्यावर ठिपके कमी दिसतात. मात्र त्याच्या खडबडीत अंगात तेलकटपणा थोडा जास्त अडकतो, हेही मी लिहिलं. माझं स्वतःचं मतही पत्रात दिलं होतं: ज्या घरात कढई थेट ओट्यावर उतरते, तिथे ग्रॅनाइट.

शनिवारी त्यांचं उत्तर आलं, ‘पहिलंच.’ मग आम्ही दुकानात गेलो, प्रत्यक्ष स्लॅब पाहिला आणि त्याच्या मागच्या बाजूला खडूनं त्यांचं नाव लिहून घेतलं, कारण एकाच नावाच्या दोन स्लॅबमध्येही छटेचा फरक असतो. तुमच्या हाती अशी तीन चित्रं आली, तर होकार कळवण्याआधी तुकडे मागा, आणि जोड कुठे येणार ते चित्रावरच काढून मागा.