अडीच दिवसांचा हिशेब

उद्याचा तोटा किती होईल, याचा आकडा बँकेचं मॉडेल रोज संध्याकाळी देतं. ९९ टक्के खात्रीचा अर्थ असा की, १०० दिवसांत साधारण एकदाच तोटा त्या आकड्याच्या पुढे जावा. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले, तर असे अपवाद सरासरी अडीच.

मग पाच झाले तर? मॉडेल अगदी बरोबर असलं, तरी निव्वळ योगायोगाने पाच किंवा जास्त अपवाद घडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. म्हणून बाझल समितीने १९९६ मध्ये तीन रंग ठरवले: चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा, दहापासून लाल. त्या नियमांत पिवळ्यात भांडवलाचा गुणक तीनवरून वाढू लागायचा, लाल रंगात तो चार व्हायचा.

स्वित्झर्लंडच्या यूबीएसने २००७ सालासाठी २९ अपवाद जाहीर केले. इथे योगायोगाची सबब चालत नाही.

उलट बाजूही आहे. अपवाद तीन टक्के दिवशी घडू देणारं सदोष मॉडेलसुद्धा साधारण आठांपैकी एका वर्षी हिरव्यातच राहतं. शिवाय ही मोजणी तारखा पाहत नाही. चार अपवाद वर्षभर विखुरलेले असोत की एकाच आठवड्यातले, रंग हिरवाच.