शोधून गेला की कंटाळून गेला?

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर एकदा चाचणी चालू असताना एक बिघाड झाला आणि काही वापरकर्त्यांना अगदी सुमार निकाल दिसू लागले. आकडे मात्र खुशीत होते. माणशी होणारे शोध 10 टक्क्यांहून जास्त वाढले आणि माणशी उत्पन्न 30 टक्क्यांहून जास्त. रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली हा किस्सा शोधनिबंधात मांडला. कारण साधं होतं. उत्तर सापडत नव्हतं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते. आणि खालचे निकाल कामाचे नव्हते, म्हणून जाहिरातींवर क्लिक करत होते.

तेव्हा ‘आमच्या संकेतस्थळावर शोध वाढले’ असं कोणी अभिमानाने सांगू लागलं, तर आधी विचारावं की एकाच माणसाला किती वेळा शोधावं लागलं. त्या माणसाला विचारायला आपण समोर नसतो. हाती असते ती फक्त सर्व्हरवरची नोंद: काय टाइप केलं, कधी केलं, किती निकाल आले, कितव्यावर क्लिक झालं आणि तो पुन्हा निकालांच्या यादीवर कधी आला. एवढ्यावरून त्याचं काम झालं की नाही हे ताडायचं असतं. त्यासाठी तीन खुणा वापरतात: निकालावर क्लिक झालं का, शब्द बदलून पुन्हा शोधलं का, आणि काहीच न करता माणूस निघून गेला का.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेतजमिनीच्या कागदपत्रांची माहिती देणारं एक संकेतस्थळ आहे. एक बाई मोबाइलवर ‘७/१२’ टाइप करतात. शून्य निकाल, कारण मजकुरात सगळीकडे इंग्रजी आकडे आहेत आणि यंत्राला ७ आणि 7 एकच आहेत हे कोणी सांगितलेलं नाही. आठ सेकंदांनी त्या ‘7/12’ टाकतात. आता निकालांचा पूर येतो. यंत्राने मधली तिरकी रेघ टाकून दिली आणि 7 व 12 असे दोन सुटे आकडे शोधले. त्यामुळे 12 जुलैची तारीख असलेली परिपत्रकंही यादीत आली. बाई तिसऱ्या निकालावर क्लिक करतात आणि सहा सेकंदांत मागे येतात. मग ‘satbara’ टाकतात. पुन्हा शून्य. शेवटी ‘सातबारा उतारा’ लिहितात, पहिला निकाल उघडतात आणि यादीकडे परत येत नाहीत.

आता हिशेब करा. शोध चार, त्यातल्या दोनांवर क्लिक. म्हणजे क्लिकचं प्रमाण 50 टक्के. दर शोध सुटा मोजला तर निम्मे शोध फसले. पण बाईंचं काम झालं असावं, फक्त ते होईपर्यंत चार खेपा पडल्या. आता समजा, ‘satbara’ला शून्य निकाल आल्यावर त्या वैतागून निघूनच गेल्या असत्या. तरीही या भेटीत एक क्लिक झालेलंच आहे, ते सहा सेकंदांचं. ‘भेटीत निदान एक क्लिक म्हणजे यश’ अशी व्याख्या असेल, तर ही फसलेली भेट यशाच्या खात्यात जमा होते. अहवालांमध्ये ही चूक नेहमीची आहे.

म्हणून क्लिक मोजताना त्यानंतरचा वेळही बघतात. उघडलेल्या पानावर माणूस 30 सेकंद किंवा जास्त थांबला, तर ते समाधानाचं क्लिक धरायचं, असा एक रूढ संकेत आहे. तो सगळीकडे चालत नाही. दूरध्वनी क्रमांक बघायला पाच सेकंद पुरतात, आणि किचकट शासकीय पानावर माणूस दोन मिनिटं काही न समजताही अडकून राहतो. शिवाय क्लिक कुठे होतं याला जागेचंही वजन असतं. थॉर्स्टन जोआकिम्स आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शोधनिकालांचा क्रम मुद्दाम उलटा करून दाखवला, तरी वापरकर्त्यांचा कल वरच्या निकालांकडेच राहिला. पहिल्या निकालावर खूप क्लिक होतात म्हणून तो सर्वांत चांगला, असं म्हणता येत नाही.

न क्लिक करता निघून जाणं हे तिघांत सर्वांत फसवं. निकालाखालच्या दोन ओळींतच ‘कार्यालयाची वेळ’ दिसली, तर क्लिक कशाला करायचं? गूगलच्या संशोधकांनी 2009 साली याला ‘चांगलं सोडून जाणं’ म्हटलं आणि ते मोबाइलवर जास्त आढळतं असं दाखवलं. विकिपीडियाच्या शोधपेटीत लेखाचं नेमकं नाव टाकलं की यादी न दाखवता थेट लेखच उघडतो. तिथे निकालांच्या यादीवर क्लिक होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तरी तो उत्तम शोध असतो. शून्य निकालांनंतर निघून जाणं मात्र जवळजवळ नेहमी अपयशच. म्हणून निघून गेलेल्यांची एकच बेरीज न करता, त्यांच्यासमोर काय होतं यानुसार ती फोडावी लागते.

मला स्वतःला सर्वांत बोलकी खूण वाटते ती शब्द बदलण्याची, कारण तिथे माणूस स्वतःच सांगतो की त्याला काय म्हणायचं होतं. फक्त दोन प्रकार वेगळे करावे लागतात. आठ सेकंदांत, मध्ये क्लिक न करता, तोच अर्थ दुसऱ्या रूपात टाकला तर ती दुरुस्ती. पण उतारा वाचून झाल्यावर ‘वारस नोंद’ शोधलं तर तो नवा प्रश्न. त्याला अपयशात धरलं तर आकडा उगाच फुगतो. मराठीत दुरुस्त्यांचं पीक मोठं आहे: रोमन लिपी, ऱ्हस्व-दीर्घ, विभक्तीमुळे बदललेलं रूप. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ऱ्या तर संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो, पडद्यावर तो सारखाच दिसतो आणि तरी शोध फसतो. अशा जोड्या गोळा केल्या की समानार्थी शब्दांची यादी आपोआप तयार होऊ लागते: ७/१२, 7/12, satbara, सातबारा, सगळ्यांना एकच उत्तर.

मात्र त्या नोंदी वाचताना जपावं लागतं. लोक शोधपेटीत स्वतःचा फोन नंबर, आधार क्रमांक, नातेवाइकाचं नावही टाकतात. विकिमीडिया फाउंडेशनने 2012 साली शोधांच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या आणि त्यांत अशी खासगी माहिती आढळल्यावर लगेच मागे घेतल्या.

यादी जोडल्यावर फरक पडला का, हे बघायला निम्म्या पाहुण्यांना जुनी आणि निम्म्यांना नवी शोधपेटी द्यावी. सुधारणा खरी असेल तर भेटीमागचे शोध कमी होतील आणि पहिल्या टिकाऊ क्लिकपर्यंतचा वेळ घटेल. पण त्याच वेळी निकालाखालच्या ओळींत उताऱ्याचं शुल्कही दाखवायला सुरुवात केली असेल, तर क्लिकही कमी होतील, आणि ते दोन बदल आकड्यांत वेगळे काढता येणार नाहीत. म्हणून एका वेळी एकच बदल करावा. आणि क्लिक न करता गेलेल्या भेटींपैकी शंभरएक चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि एकेक करून डोळ्यांनी वाचाव्यात: काय टाकलं होतं, समोर काय आलं होतं, आणि त्या ओळींत उत्तर होतं की नव्हतं.