दोनशे रुपयांच्या कुपीत ऊद किती?

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर ‘ऊद’ लिहिलेली अत्तराची छोटी कुपी दोन-तीनशे रुपयांत मिळते. त्याच दुकानात आतल्या कपाटातून निघणाऱ्या दुसऱ्या कुपीचा भाव मात्र तोळ्याला हजारांत असतो. दोन्हींचं नाव एकच. पहिल्या कुपीत खरा ऊद जवळजवळ नसतोच, आणि तो का परवडत नाही हे समजायला आसामात जावं लागतं. (मराठी घरात संध्याकाळी निखाऱ्यावर टाकतात तो ऊद म्हणजे बहुधा लोबान. त्याचं झाड वेगळं.)

वरच्या आसामात गोलाघाट, जोरहाट या भागांत घरामागच्या वाडीत सुपारीच्या सोबतीनं अगरूचं झाड लावलेलं असतं. त्याला तिथे ‘सांची’ म्हणतात. याच झाडाच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. निरोगी अगरूचं लाकूड पांढुरकं, हलकं आणि जवळपास बिनवासाचं असतं. सुगंध येतो तो दुखण्यातून. एका पतंगाची अळी खोड पोखरते, त्या बोगद्यांतून बुरशी आत शिरते आणि तिला अडवायला झाड भोवतीच्या लाकडात गडद राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं राळ मुरत गेली की तेवढा भाग काळा आणि जड होतो. हाच अगर, अरबांचा ऊद.

रानातल्या सगळ्याच झाडांना हा रोग होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात राळ कुठे आणि किती आहे, ते बाहेरून पक्कं कळत नाही. खोडावरची भोकं आणि त्यांतून पडणारा भुसा पाहून जाणकार अंदाज बांधतो आणि झाड विकत घेतो. अंदाज चुकला तर हाती सरपण. या शोधापायी जंगलं इतकी तोडली गेली की 1995 पासून या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली परवान्यानेच चालतो. आता लागवडीच्या झाडांना भोकं पाडून मुद्दाम बुरशी टोचतात. माल त्यामुळे वाढला, पण जुन्या झाडात मुरलेल्या राळेची सर त्याला सहसा येत नाही.

होजाई हे या धंद्याचं मोठं केंद्र. तिथे कारागीर छिन्नीनं पांढरं लाकूड खरवडून काळा गाभा मोकळा करतात. तो आखाती देशांत धूप म्हणून जाळायला जातो. राळेचा अंश कमी असलेले तुकडे भट्टीकडे जातात. ते बारीक करून कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात, मग पाण्यासकट उकळून ऊर्ध्वपातन करतात. ते अनेक दिवस चालतं. शंभर किलो लाकडातून साधारण शंभर-दोनशे ग्रॅम तेल सुटतं. म्हणजे एका तोळ्याला, जेमतेम बारा ग्रॅमला, सहा ते बारा किलो रोगट लाकूड लागलं. त्यात इंधन, मजुरी आणि वाया गेलेली झाडं धरली की दोनशे रुपयांचा हिशोब कोलमडतो.

मग स्वस्त कुपीत काय असतं? बऱ्याचदा नागरमोथा! दिवाळीच्या उटण्यातल्या या मुळाच्या तेलाला धुरकट, लाकडी वास असतो आणि तो उदाच्या बराच जवळ जातो. त्याला मातकटपणासाठी पाचोलीची, कोरड्या लाकडाच्या वासासाठी देवदाराची जोड देतात. वर केशरासारखा वास देणारं एखादं रसायन आणि चामड्याची छटा. 2002 साली ‘एम7’ हे फ्रेंच परफ्यूम आलं, तेव्हापासून पाश्चात्त्य बाजारातही उदाची मागणी वाढली. मोठ्या कंपन्यांना दर खेपेला हुबेहूब तोच वास हवा असतो. झाडाकडून तो मिळत नाही, म्हणून प्रयोगशाळेत जुळवलेले ‘ऊद बेस’ वापरले जातात. त्यात लबाडी नाही. लबाडी आहे ती असलं मिश्रण ‘अस्सल आसामी’ म्हणून विकण्यात.

नक्कल सहसा उघडी पडते ती वेळ गेल्यावर. अस्सल तेल पहिल्या क्षणी अनेकांना आवडत नाही. लाकूड भिजून आंबलेलं असलं तर गोठ्याचा, जुन्या चामड्याचा भपकारा येतो. तासाभरात तो निवतो, मग लाकूड, मध, किंचित औषधी असे पदर एकामागून एक उलगडतात. मिश्रण बहुतेकदा पहिल्यापासून गोड आणि सपाट असतं, आणि शेवटपर्यंत तसंच राहतं.

लाकडाच्या बाबतीत फसवणूक आणखी सोपी. साध्या लाकडाला काळा रंग देऊन तेल पाजतात. चांगला अगर पाण्यात बुडतो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असल्यानं काही जण आत शिसं भरतात. अशा वेळी चिमूटभर तुकडा मंद निखाऱ्यावर ठेवून पाहावा. खऱ्या तुकड्यातली राळ बुडबुडे काढत वितळते आणि उष्णतेनं फुटणाऱ्या तिच्या घटकांतून उबदार, गोडसर धूर येतो. रंगवलेल्याचा वर लावलेला वास झटकन उडतो आणि मागे जळक्या लाकडाचा दर्प उरतो. तेलात किती टक्के भेसळ आहे, हे मात्र नाक सांगू शकत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी लागते, आणि तोळाभर अत्तर घेणारं गिऱ्हाईक काही तिथवर जात नाही.