छतावरील सौरसंच आणि इमारतीचा वितरण फलक : इन्व्हर्टरची क्षमता व निर्यात मर्यादा कशी ठरवावी?

संशोधन केंद्रांच्या आणि प्रशिक्षण इमारतींच्या छतांवर सौरसंच बसविताना बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारला जातो तो छतावर किती पॅनेल मावतील, हा. वास्तविक संचाची क्षमता छताइतकीच खाली भिंतीवर असलेल्या वितरण फलकावर आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीत वापरल्या जाणाऱ्या विजेवरही अवलंबून असते. हे दोन मुद्दे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

मध्य भारतातील एका कृषी संशोधन केंद्राची प्रयोगशाळा इमारत विचारात घेऊ. तिचा मंजूर भार ४५ किलोवॅट असून पुरवठा तीन फेजचा, ४१५ व्होल्टचा आहे. कामाच्या दिवशी दुपारी सुमारे ३३ किलोवॅट वीज लागते. रविवारी मात्र बियाण्यांची शीतखोली आणि उबवण यंत्रे एवढीच चालू राहतात व भार ८ किलोवॅटवर येतो. छतावर ५४५ वॅटचे ६६ पॅनेल, म्हणजे सुमारे ३६ किलोवॅट क्षमता बसू शकते.

इन्व्हर्टर ३६ चा की ३० चा?

पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि २५ अंश सेल्सिअस तापमान या प्रमाणित स्थितीतील असते. एप्रिलच्या दुपारी पॅनेलमधील घटांचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाते. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट धरल्यास ४० अंशांच्या वाढीने उत्पादन १४ टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे ३६ किलोवॅटचे ३१ उरतात. धूळ व तारांमधील घट वजा जाता २९ ते ३० किलोवॅट हाती येतात. धुरकट हवा आणि सूर्याचा कोन यांमुळे एरवीच्या स्वच्छ दिवशी दुपारचे उत्पादन २६ किलोवॅटच्या आसपास राहते. म्हणून येथे ३० किलोवॅटचा इन्व्हर्टर पुरेसा ठरतो. थंड, स्वच्छ दिवशी उत्पादन क्वचित त्यापेक्षा वर गेले, तर इन्व्हर्टर स्वतःहून ३० वर थांबतो. ही हानी नगण्य असते. मोठा इन्व्हर्टर घेतल्यास खर्च वाढतो आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे फलकावरील ताणही वाढतो.

फलकात दोन बाजूंनी येणारी वीज

जुन्या वितरण फलकाची रचना एक गोष्ट गृहीत धरून केलेली असते : वीज एकाच बाजूने, मुख्य ब्रेकरमधून येईल. आपल्या उदाहरणात मुख्य ब्रेकर १०० अँपिअरचा आहे आणि आतील तांब्याची पट्टी, म्हणजे बसबार, तीही १०० अँपिअरचीच आहे. भार त्याहून वाढला की ब्रेकर उघडतो आणि बसबार सुरक्षित राहतो.

आता ३० किलोवॅटचा इन्व्हर्टर याच फलकातील एका मोकळ्या ब्रेकरवर जोडला, असे समजू. त्याचा पूर्ण प्रवाह सुमारे ४२ अँपिअर असतो आणि सव्वापट धरून त्यासाठी ६३ अँपिअरचा ब्रेकर लावला जातो. पुढे इमारतीत वातानुकूलन यंत्रे व धान्यवाळवणी यंत्र आले आणि दुपारचा भार ११० अँपिअर झाला. त्यातील ७० अँपिअर बाहेरून येतात, म्हणजे मंजूर भाराच्या मर्यादेतच, आणि ४० अँपिअर सौरसंचातून येतात. दोन्ही ब्रेकर आपापल्या मर्यादेत आहेत, त्यामुळे एकही उघडत नाही. पण दोन्ही प्रवाह जेथे एकत्र येतात, तेथे १०० अँपिअरच्या बसबारमधून ११० अँपिअर वाहू शकतात. वीजमीटरवर मागणी मंजूर भाराच्या आतच दिसते, म्हणून भार वाढल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. काही महिन्यांनी बसबारच्या जोडांवरील आवरण तपकिरी पडते, फलक उघडताच करपट वास येतो. औष्णिक कॅमेऱ्याने तपासल्यास तो जोड इतरांपेक्षा स्पष्टपणे उष्ण दिसतो.

मुख्य ब्रेकर लहान करणे हा येथे उपाय नाही. १०० मधून ४२ वजा केल्यास ५८ अँपिअर उरतात, आणि पाऊण पॉवर फॅक्टर सोडाच, ०.९ पॉवर फॅक्टर धरला तरी मंजूर ४५ किलोवॅटसाठी ७० अँपिअर लागतात. म्हणून सौर जोड फलकाच्या आत न घेता त्याच्या आधी घ्यावा. मीटरनंतरचा मुख्य स्विच आणि फलकाचा मुख्य ब्रेकर यांच्यामध्ये १६० अँपिअर बसबारचा छोटा जोडफलक बसवावा आणि इन्व्हर्टरचा ६३ अँपिअरचा ब्रेकर त्यात ठेवावा. मग वीज कोणत्याही स्रोताची असो, ती जुन्या फलकात १०० अँपिअरच्या मुख्य ब्रेकरमधूनच जाते.

केंद्रात डिझेल जनित्र असल्यास हा जोड चेंजओव्हर स्विचच्या अलीकडे, म्हणजे वीज कंपनीच्या बाजूला असावा. अन्यथा पुरवठा गेल्यावर इन्व्हर्टर जनित्राशी जुळतो आणि भार कमी असताना वीज उलटी जनित्रात शिरते.

निर्यात मर्यादा

केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार नेट मीटरिंग ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत मिळू शकते. तथापि परिसरातील रोहित्राची क्षमता पाहून वीज वितरण कंपनी कमी निर्यातीची अट घालू शकते. आपल्या उदाहरणात ही मर्यादा १० किलोवॅट आहे, असे धरू.

कामाच्या दिवशी २६ किलोवॅट उत्पादन ३३ च्या भारात पूर्ण खपते व निर्यात होत नाही. रविवारी मात्र २६ मधून ८ वजा जाता १८ किलोवॅट बाहेर जाऊ पाहतात. मर्यादा १० असल्याने इन्व्हर्टरला उत्पादन १८ किलोवॅटवर रोखावे लागते आणि दुपारी ८ किलोवॅट वाया जातात. स्वच्छ दिवशी ही स्थिती साडेचार तासांच्या आसपास टिकते व सुमारे २५ युनिटांची हानी होते. आठवड्याचे उत्पादन १००० युनिटांच्या घरात असल्याने हानी अडीच टक्केच आहे, म्हणून ३० किलोवॅटचा संच योग्य ठरतो. इमारत आठवड्यातून चार दिवस बंद असती, तर उत्तर वेगळे आले असते.

ही मर्यादा पाळण्यासाठी मीटरच्या बाजूला, सौर जोडाच्या आधी, प्रत्येक फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर म्हणजे सीटी बसवून त्याचे वाचन इन्व्हर्टरकडे पाठविले जाते. येथे दोन चुका वारंवार होतात. सीटी सौर जोडानंतर, भाराच्या बाजूला बसविल्यास त्याला केवळ भार दिसतो, निर्यात कधीच दिसत नाही आणि मर्यादा लागूच होत नाही. सीटीवरील बाण उलटा असल्यास आयात ही निर्यात म्हणून वाचली जाते : कामाच्या दिवशी भर दुपारी संच जवळजवळ बंद पडतो आणि रविवारी मात्र पूर्ण जोमाने वीज बाहेर जाते. असे उलटे वर्तन दिसले की प्रथम सीटीची दिशा तपासावी.

मर्यादा तिन्ही फेजच्या बेरजेवर आहे की प्रत्येक फेजवर, हेही कंपनीकडून लेखी घ्यावे. इन्व्हर्टर तिन्ही फेजवर सारखी वीज देतो. शीतखोली एकाच फेजवर असल्यास बेरीज मर्यादेत असूनही एखाद्या फेजवरून जास्त निर्यात होऊ शकते.

संच ताब्यात घेताना एका निरभ्र रविवारी दुपारी मीटरवरील निर्यात पाहावी. त्यानंतर सीटीच्या वाचन यंत्रापासून इन्व्हर्टरकडे जाणारी संदेशवाहक तार सोडवावी. काही सेकंदांत उत्पादन आपोआप मर्यादेच्या आत उतरले, तरच मर्यादेची व्यवस्था विश्वासार्ह मानावी. उत्पादन तसेच चालू राहिल्यास, उंदराने ती तार कुरतडण्याचा अवकाश, मर्यादा मोडलेली असेल आणि ते कळणारही नाही.